खडू संपेपर्यंत शून्य

धुळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणिताची जागा निघाली होती. मला ती हवीच होती, त्यामुळे जळगावहून पहिली एसटी पकडली. मुलाखतीआधी बारावीच्या वर्गात प्रात्यक्षिक पाठ द्यायचा होता, आणि मागच्या बाकांवर प्राचार्य आणि गणिताचे जुने सर बसणार होते.

मी हुशारी करायला गेले. फळ्यावर एक्स वर्गाचं उणे एक ते एक असं संकलन, म्हणजे वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ, मांडलं आणि मुद्दाम यू बरोबर एक्स वर्ग घेतला. एक्स उणे एक असताना यू एक, आणि एक्स एक असतानाही यू एकच. म्हणजे एकपासून एकपर्यंत, उत्तर शून्य! आता वर्ग हरकत घेईल, मग मी चूक उलगडेन, असा माझा बेत होता.

कसली हरकत न् काय! सगळ्यांनी माना खाली घालून ते शून्य वहीत उतरवून घेतलं. "पटलं?" मी विचारलं. "हो मॅडम!" प्राचार्यांनीही मान डोलावली. मला घाम फुटला आणि रागही आला. तास संपला असता तर नोकरी गेलीच असती, वर पोरांच्या वहीत माझं शून्य राहिलं असतं.

मी फळ्यावर एक्स वर्गाचा आलेख काढला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, "ये, वक्ररेषेच्या खालची जागा भर बघू." ती मन लावून घासत राहिली. आलेखावरच्या शून्याच्या डावीकडे भरलं, उजवीकडे भरलं. बोटांत चिमूटभर खडू उरला तशी ती थबकली.

"मॅडम, इतला खडू लागना, मंग शून्य कसं?"

वर्ग खो खो हसला. मला तिला मिठीच मारावीशी वाटली.

मग गाडी रुळावर आली. एकाच यूला दोन एक्स असतात: डावीकडे यूचं उणे वर्गमूळ, उजवीकडे अधिक. म्हणून शून्यापाशी तोडायचं आणि दोन्ही भाग वेगळे करायचे. प्रत्येकी एक तृतीयांश, मिळून दोन तृतीयांश. पोरांनी आधीचं शून्य खाडाखोड करून घालवलं.

मुलाखतीत प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या मुलांना चुकीचं शिकवलंत."

"हो सर. पण तुमच्या मुलांनी ते लगेच मानलं, त्याचं काय करायचं?" जीभ आवरली नाही. जुने सर मोठ्यानं हसले. जागा मला मिळाली.

रुजू झाले त्या दिवशी तोच वर्ग होता. मी फळ्याच्या कोपऱ्यात नुसती तारीख लिहिली आणि वळून पाहिलं, तर एकाही पोरानं पेन उघडलं नव्हतं. पहिल्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम, हाई तारीख खरी शे ना?"