सिलिंडरवर चिकटवलेला रिपोर्ट

झोपताना नवऱ्याचा पाय ठणठणीत होता. रात्री दोनला तो ओरडतच उठला. पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून लालबुंद झाला होता, आणि नुसती चादर टेकली तरी तो मला शिव्या घालत होता. निदान त्याने स्वतःच केलं होतं. "तू तो सिलिंडर वाटेत ठेवलास, म्हणून ठेचकाळलो!"

"कधी ठेचकाळलास?" मी विचारलं. ते काही त्याला सांगता येईना. अरे, मार लागला तर माणसाला तेव्हाच कळतं, झोपेत नाही! सासूबाई गरम तेल चोळायला बसल्या. त्यांना मी उठवलं, पाय उशीवर ठेवला आणि फडक्यात बर्फ गुंडाळून अंगठ्यावर धरला.

सकाळी त्याला रिक्षात घालून भाईंदर पूर्वेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ताप नाही, जखम नाही हे बघून त्या म्हणाल्या, "गाऊट वाटतोय. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं की ते सांध्यात साचून असं सुजतं." किडनीचं, पोटाचं विचारून त्यांनी गोळ्या दिल्या, बिअर बंद केली आणि रक्त तपासायला सांगितलं.

युरिक ॲसिड नॉर्मल आलं. झालं! साहेब आठवडाभर लंगडत सोसायटीभर सांगत सुटले, "बायकोच्या सिलिंडरने पाय गेला." ऐन दुखण्यात ते नॉर्मल येऊ शकतं, सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी तपासायला लावलं. चांगलंच वाढलेलं निघालं.

माफी अजून मागितलेली नाही. तो रिपोर्ट मी सिलिंडरवर चिकटवलाय. सिलिंडर बदलला की काढून नव्यावर लावते.