नावात चूल नको

लातूरच्या हॉलचा अर्ज मीच भरला होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नाही.

नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले आणि अर्धापूरकडच्या एका गावात उन्हाळी वर्ग घेऊ लागले. वर्ग मुलींचा होता. मुलींना सोडायला येणाऱ्या बाया आधी दारात थांबायच्या, मग खाली बसायच्या, मग "जरा तो ब्रश द्या" म्हणायच्या. उन्हाळा संपला, मुली शाळेत गेल्या आणि बाया राहिल्या. सातजणी. गेली चार वर्षं आम्ही गावातल्या समाजमंदिरात आठवड्यातून तीन दुपारी चित्रं काढतो.

अठ्ठावीस चित्रं बरी जमली तेव्हा मी लातूरच्या एका हॉलकडे अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, 'प्रदर्शनाचे शीर्षक'. मी फार विचार केला नाही. लिहिलं, 'चुलीच्या धुरातून रंगांकडे'. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले, हेही कबूल करायला हवं.

हॉलची प्रदर्शनं बघणारे सर साठीचे, रसिक आणि मनाने चांगले. त्यांचा लगेच फोन आला. "मॅडम, शीर्षकानंच निम्मं काम केलं बघा. डोळ्यांत पाणी आलं." दोन दिवसांत त्यांनी निमंत्रणपत्रिका करून पाठवली. वर माझं शीर्षक, खाली कुठल्याशा बाईच्या भेगाळलेल्या टाचेचा फोटो, मागे मातीची भिंत आणि पेटती चूल. मी ती सातजणींच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी बघितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर सगळ्या माझ्या आधी येऊन बसलेल्या. आमच्यातली सगळ्यात लहान, लग्न होऊन या गावात आलेली आणि स्कूटी चालवणारी, तिला आम्ही सगळ्या सूनच म्हणतो. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"मॅडम, हा पाय कुणाचा हाय?"

"कुणाचा म्हणजे, प्रातिनिधिक आहे तो."

"हा प्रतिनिधी कुणी निवडला?" आजी म्हणाल्या. आजी आमच्यात सगळ्यात थोरल्या, स्वतःच्या केळीच्या बागेची चित्रं काढणाऱ्या. सगळ्या हसल्या, पण ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं.

गावात शिलाईचं काम करणारी भाभी म्हणाली, "मॅडम, बुरा मानू नका. पण चूल आमच्याकडं निकाहाच्या बिर्याणीलाच पेटते, ती पण अंगणात, आणि पेटवतात गडीमाणसं."

"आन् चित्रात कुठं हाय चूल?" आजींनी विचारलं.

सुनेने सगळी अठ्ठावीस चित्रं जमिनीवर मांडली आणि आम्ही खरंच चूल शोधली. आजींच्या चित्रांत केळीचे घड होते, घडांवर चढवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. भाभीने शिलाई मशीनभोवती साचलेल्या कापडाचे डोंगर काढले होते. सुनेच्या चित्रात ती स्वतः स्कूटीवरून माहूरच्या घाटात चाललेली आणि नवरा मागे, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसलेला. वरातीतला डीजे होता, बँकेतला पंखा होता, पार्लरचा आरसा होता. चूल नव्हती. धूर होता, पण तो डीजेच्या मशीनमधून निघणारा.

चार वर्षांत या गावात मी किती वेळा चहा प्यायले असेन, आणि दर वेळी तो गॅसवरच झालेला. मग ती चूल माझ्या डोक्यात आली कुठून? भाषणांतून, दुसऱ्यांच्या पत्रिकांतून, सवयीतून. मी या बायांची चित्रं बघून नाव दिलंच नव्हतं. शहरातल्या माणसाचं मन कशाने हलेल, ते बघून दिलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "दुसरं शोधू."

दुसरं मीच सुचवलं, 'काळ्या मातीच्या लेकी'. यावर आमच्यातली एक जण, जी केळीच्या बागांत मजुरीला जाते आणि एरवी फार बोलत नाही, ती चित्रावरून मान न उचलता म्हणाली, "माती मालकाची हाय मॅडम."

'पदराआडचे रंग' म्हटलं तर भाभीने आपली ओढणी दाखवली. मग मी जरा चिडूनच म्हटलं, "ठीक आहे, 'आनंदरंग' ठेवू. कुणाला काही टोचायला नको."

आता मात्र मजुरीला जाणारीने ब्रश खाली ठेवला. "तसं बी नको. मी सकाळपासून वाकून काम करते, माझी कंबर मोडते. ते लपवून आनंद-आनंद म्हणलं तर ते खोटंच की. पर मजुरी दारावरच्या पाटीवर कशाला? माझ्या चित्राशेजारी माझी माहिती असंल ना? तिथं लिवा. मीच सांगते काय लिवायचं ते."

तिथून काम सरळ झालं. दारावरचं नाव चित्रांचं असेल आणि जिची तिची परिस्थिती जिच्या तिच्या माहितीत, तिला सांगावीशी वाटेल तेवढीच, तिच्या शब्दांत. सुनेने जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू घेतली आणि नावं लिहायला बसली. नियम तिनेच केले. नाव मोठ्याने वाचायचं. जिचं चित्र त्या नावाखाली बसत नाही तिने हात वर करायचा. आणि दुसरं, तेच नाव पुण्याच्या एखाद्या साहेब चित्रकाराला लावून बघायचं. 'काळ्या मातीचे साहेब' ऐकून आजींना ठसका लागेपर्यंत हसू आलं. 'चुलीच्या धुरातून साहेब' यावर तर मी पण हसले. बावीस नावं लिहिली आणि बावीस खोडली.

थकून मी चित्रांच्या पट्ट्या भरायला घेतल्या. चित्राखाली लावायच्या या पट्टीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार आणि कधी काढलं ते लागतं. मी आजींना विचारलं, "हे निळ्या पिशव्यांचं कधी काढलं?"

"दोन ते पाच," आजी म्हणाल्या.

"तसं नाही, कोणत्या वर्षी?"

"वर्षाचं ध्यानात न्हाई. दोन ते पाचच काढते मी. पाचला म्हशी."

भाभीचंही तेच. दोनपर्यंत घर आणि मशीन, पाचनंतर गिऱ्हाईक. मजुरीला जाणारी सकाळची पाळी करून दुपारी सुटायची. पाचला सगळ्यांना उठावंच लागायचं. सुनेने मान वर केली आणि तेविसावं नाव लिहिलं, 'दोन ते पाच'. मोठ्याने वाचलं. एकही हात वर आला नाही. साहेबांना लावून बघितलं, त्यांनाही चाललं.

सगळ्या उठायच्या आत मी तिथूनच सरांना फोन करून नवं नाव सांगितलं.

"मॅडम, लोकांना वाटेल ही प्रदर्शनाची वेळ आहे."

"वाटू द्या. खाली खरी वेळ लिहू."

"बरं. मग खाली 'ग्रामीण महिलांची चित्रे' टाकतो. त्या शब्दांना लोक येतात, वर्तमानपत्रवाले येतात. मी इतकी वर्षं बघतोय."

हे खरं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला होता, हे सरांना आधीच सांगितलेलं होतं. सून फोनजवळ वाकून म्हणाली, "सर, तुमच्याकडं मागच्या वेळी 'शहरी पुरुषांची चित्रे' लागली होती का?"

पलीकडून सरांचं खदखदून हसणं आलं. "नाही हो ताई. नुसतं चित्रकार लिहिलं होतं."

"मग आमचं पण तेच लिवा. आन् गावाचं नाव टाका. गावाला नाव हाय की."

शेवटी ठरलं ते असं: 'दोन ते पाच', आणि खाली 'अर्धापूर तालुक्यातील सात चित्रकार'. पत्रिकेवर टाचेच्या जागी मजुरीला जाणारीचं चित्र घेतलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चौघी बाया एकाच मोबाईलमध्ये बघताहेत, असं ते चित्र. हॉलच्या दाराशी लावायचा परिचयाचा मजकूर सर आणि मी मिळून कापला. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' मी काढलं. 'निरागस' सरांनीच काढलं. म्हणाले, "त्या मुलीशी बोलल्यावर हा शब्द टिकत नाही." 'उपजत' यावर आमचं थोडं वाजलं. चार वर्षं रंग वाया घालवून शिकलेल्या बायांना उपजत कसं म्हणायचं, असं मी विचारलं आणि तोही गेला. राहिलं ते एवढंच, की या सातजणी चार वर्षं एकत्र चित्रं काढतात, कशावर आणि कशाने काढतात. मजुरीला जाणारीने आपली माहिती सांगितली ती मी जशीच्या तशी लिहून घेतली: 'केळीच्या बागेत मजुरी करते. पहिलं चित्र ट्रॅक्टरचं काढलं, ते बैलासारखं झालं. आता ट्रॅक्टर येतो.'

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो आणि लोहा, अहमदपूर करत लातूरला वेळेत पोचलो. अकराला दार उघडलं. हॉलमध्ये आम्ही, सर, फीत आणि समई. बारा वाजले, एक वाजला. चार-दोन माणसं येऊन गेली. सर माझ्याकडे बघायचं टाळत होते. बरोबर दोनला बाहेर रिक्षा थांबू लागल्या आणि अर्ध्या तासात हॉल भरला. एक आजोबा घाईने आत आले, "उशीर नाही ना झाला? दोनच म्हणाले होते." सर धावत जाऊन एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावून आले, 'हे नाव आहे. वेळ अकरा ते आठ.'

एक वार्ताहर बाई आल्या आणि त्यांनी मजुरीला जाणारीला नेमकं तेच विचारलं, गरिबीतून चित्रकलेकडे कशा वळलात. ती मात्र त्यांचा हात धरून ट्रॉलीच्या चित्राजवळ घेऊन गेली. "माझं तिथं लिवलंय, ते नंतर वाचा. आधी हे सांगा, हिच्या हातातला मोबाईल मोबाईलसारखा दिसतो का? मला तो आरसा वाटून राहिला." वार्ताहर बाई वाकून बघू लागल्या. म्हणाल्या, कोपरे जास्तच गोल झालेत. मग दोघी कितीतरी वेळ कोपऱ्यांवर बोलत होत्या. बातमीत काय छापून येणार याची धास्ती मला होतीच. दुसऱ्या दिवशी आलं ते त्या चित्राचं वर्णन, आणि गरिबीबद्दल एकच ओळ, तीही तिच्या माहितीतल्या शब्दांत.

तिसऱ्या दिवशी केळीचा एक बागायतदार आला. निळ्या पिशव्यांसमोर उभा राहून तो म्हणाला, "आजी, या घडाला फण्या जास्त काढल्या तुम्ही. इतक्या नसतात."

"तुमच्याकडं नसतील," आजी म्हणाल्या.

त्याने आपल्या मोबाईलमधला घड दाखवला. आजींनी सुनेला हाक मारून आपल्या बागेचा फोटो उघडायला लावला. दोघं फण्या मोजू लागले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. आणखी चारजण भोवती जमले आणि मोजण्यात सामील झाले. भाभी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, जेवायला चला, आजी काय आता यायच्या न्हाईत." आम्ही त्यांचा डबा काढून ठेवला आणि जेवायला बसलो.