शोभाकाकूंचं विसर्जन

"चहा आधी की लक्ष्मी आधी?" दिवाळीच्या पाडव्याला शोभाकाकू आमच्या वर्कशॉपच्या शेडच्या दारातूनच विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच खुर्चीत बसायच्या. सांगवीहून निघून दुकानं, दवाखाने, वर्कशॉप करत महाळुंग्याला आमच्याकडे शेवटी. बाई पूजा सांगते म्हणून वडिलांनी आधी नाक मुरडलं होतं. पुढे तेच म्हणायला लागले, "बाईलाच बोलवा, ती उरकत न्हाई."

खरंच उरकत नसत. चौरंगावर लाल कापड, नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक, पहिल्या पानावर 'श्री'. सुपारीचा गणपती आधी. मग दौतीत महाकाली, वहीत सरस्वती, तिजोरीवर कुबेर. दौत कुठली आणणार? पेन चालायचं. "लॅपटॉपला कुंकू नको हं सुभाष, बिचाऱ्याच्या पोटात जाईल. फूल ठेव." मग मापाची हत्यारं, मग मोटर बंद करून लोखंड कातायच्या लेथला हार. नैवेद्याला धणे-गूळ, लाह्या-बत्तासे. शेवटी अक्षता टाकून देवांना निरोप; लक्ष्मी आणि कुबेर मात्र सोडून. त्यांना "इथंच राहा" म्हणायचं.

शेवटच्या वर्षी आरती झाली आणि मी म्हणालो, "काकू, यंदा लक्ष्मीचंही विसर्जन करा. लेथ विकतोय. मी दमलो."

वाटलं, आता रागावतील, शास्त्र सांगतील. त्या मूठभर अक्षता घेऊन म्हणाल्या, "जा गं बाई. पोरगा थकलाय. रागावू नकोस त्याच्यावर." एवढंच. मला रडूच आलं, राव. वर्षभर ज्याला त्याला कारणं देत होतो, ह्या बाईने कारणच विचारलं नाही.

चहा घेताना त्या गुडघे चोळत होत्या. मी सहज विचारलं, "तुमच्या हत्यारांची पूजा कोण करतं?"

"घरी गेल्यावर मीच. म्हणजे करणार असते, पण तशीच झोपते रे."

मग त्यांच्या पिशवीतून पळी, ताम्हण, घंटा, जुनी पोथी, चष्म्याचं घर, सगळं त्याच चौरंगावर मांडलं. मला मंत्र येत नव्हते, त्या सांगत होत्या, मी चुकत होतो आणि त्या हसत होत्या. कुंकू लावलं, फुलं वाहिली, गूळ ठेवला. शेवटी मी अक्षता उचलल्या. आता ह्याही थकल्यात, असं वाटून विचारलं, "तुमचंही विसर्जन करू का?"

काकूंनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"नको रे. एवढ्यात नको. मला अजून एक-दोन पाडवे फिरायचंय."

मी "इथंच राहा" म्हटलं, अगदी मोठ्याने. पाडवा परत यायच्या आत काकू गेल्या. माझी लक्ष्मी त्यांनी एका शब्दात सोडली. मला मात्र त्यांना थांबवून ठेवता आलं नाही.