अल्काची आयडी आणि नम लॉक

अल्का रामटेके आमच्या गावचं सेवा केंद्र चालवायची. मी 'चालवायची' म्हणते आहे, कारण काही लोक अजून म्हणतात की ती चालवत नव्हती. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. वाचणार नाहीत, ते मला माहीत आहे.

तिरोड्याच्या पुढे, वीजकेंद्राची धुराडी दिसतात तिथून आत वळलं की आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत अल्काचं टेबल. नवरा वारला, माहेरी आली, भावाच्या घरात राहू लागली. टायपिंग तिरोड्याला शिकली होती. केंद्राची जागा निघाली तेव्हा अर्ज भरून, परीक्षा देऊन तिने ती मिळवली. कोणाच्या चिठ्ठीने नाही.

तिचं काम पाहण्यासारखं होतं. म्हातारा माणूस आधारचा नंबर बोलायचा, अडखळायचा, आणि अल्का त्याच्या तोंडाकडे पाहत उजव्या हाताने आकडे टाकत जायची. कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांचा जो चौकोन असतो, त्याच्यावर तिची बोटं आपोआप बसायची. वरच्या ओळीतल्या आकड्यांना ती हातच लावायची नाही.

"पोरी, पाहत तरी जाय," सेवकराम म्हातारा एकदा म्हणाला.

"बाबाजी, तुमाले पाहून राहिली ना. कीबोर्डाले काय पाहाचं?"

आमच्याकडे लाइन जाते-येते. पंचायतीचा जुना कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की नम लॉकचा दिवा बंद असायचा. तो बंद असला की उजवीकडचे आकडे उमटत नाहीत. चार दाबलं तर कर्सर डावीकडे सरकतो, सात दाबलं तर ओळीच्या सुरुवातीला पळतो. म्हणून खुर्चीवर बसली की अल्काचं पहिलं बोट नम लॉकवर. दिवा हिरवा झाला की मग नमस्कार-चमत्कार. ही तिची सवय. घरात शिरताना चप्पल काढावी, तशी.

या सवयीनेच तिला खाल्लं.

मागच्या वर्षी केंद्रांचं काम नव्या एजन्सीकडे गेलं. एजन्सीने फर्मान काढलं की सगळ्या केंद्रचालकांची गोंदियाला पुन्हा चाचणी. कारण सांगितलं ते खोटं नव्हतं. कितीतरी केंद्रं बाईच्या नावावर आहेत आणि खुर्चीवर नवरा, दीर, नाहीतर सरपंचाचा भाचा बसतो. अशा बाईला तिकडे 'डमी' म्हणतात. डमी शोधून काढायच्या म्हणे. मीही म्हटलं, चांगलं आहे, काढा. आमच्या शेजारच्या गावात नीतूच्या नावावर केंद्र होतं आणि चालवत होता तिचा नवरा श्यामलाल. नीतूला मशीन चालू करता यायचं, तेवढंच.

चाचणीला मी अल्कासोबत गेले. गावाच्या कामांसाठी मी कचेऱ्यांत भांडत फिरते, आणि गोंदियात मला दुसरंही भांडण होतं. एजन्सीने टेबलांवर छोटे छोटे लॅपटॉप मांडले होते. जुने, कुठल्यातरी कंपनीने टाकून दिलेले, पुसून आणलेले. त्यांच्यावर उजवीकडचा आकड्यांचा चौकोन नव्हता. आणि प्रत्येक कळीवर मराठी अक्षरांचं स्टिकर चिकटवलेलं होतं.

अल्काचं तोंड उतरलं. "ताई, याच्यात तं नंबरपॅडच नाही."

ती हुशार. पिशवीत केंद्रावरचा कीबोर्ड घेऊन आली होती. तिथे गजेंद्र म्हणून जिल्ह्याचा समन्वयक उभा होता, शर्ट इन केलेला, गळ्यात ओळखपत्र. तिने विचारलं, "सर, आपला कीबोर्ड लावू का?"

"लगा लो, लगा लो. लेकिन पहिल्या भागापुरताच. मराठी टायपिंग मशीनच्याच कीबोर्डवर. स्टिकर कायले लावले मग?"

तिने वायर खोचली, बोट नम लॉकवर गेलं, दिवा लागला. आकड्यांचा भाग तिने इतक्या लवकर संपवला की बाजूची बाई स्वतःचं सोडून तिच्याकडे पाहत बसली. मग गजेंद्रने तिचा कीबोर्ड काढून बाजूला ठेवला आणि दुसरा भाग उघडला. त्याला पुन्हा पासवर्ड लागत होता. आयडी चौकटीत आधीच भरलेली होती. फक्त पासवर्ड टाकायचा होता आणि त्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात.

तिने टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा.

"ताई, मोठी अक्षरं तं चालू नाही ना?" दारात उभ्या असलेल्या मला तिने टेबलावरूनच विचारलं. मला काय ठाऊक! मी म्हटलं, "दमानं टाक."

दमाने टाकला, एकेक कळ पाहून. ठिपके बरोबर तेवढेच. मशीन म्हणे चुकीचा. मग आयडी लॉक झाली.

गजेंद्र हसला. ते हसू मला आजही दिसतं. "मॅडम, अपना ही पासवर्ड नहीं मालूम? घरी कोण चालवते? भाऊ?"

"सर, मीच चालवतो. सात वर्सं झाली."

"हाव, सगळेच असं म्हणतात."

मी आत घुसले. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन माणसांनी मला दाराबाहेर काढलं. काढू दे, मला काढायची माणसांना सवय आहे. पण तोवर त्याने अल्काच्या नावासमोर शेरा मारला होता: डमी चालक, आयडी दुसरी व्यक्ती वापरते.

नीतू पास झाली. तिने बाहेरचा कीबोर्ड लावलाच नव्हता. एका बोटाने हळूहळू टाकत गेली, नवऱ्याने पाठ करून घेतलेला पासवर्ड बरोबर पडला. तिचा मला राग नाही. पण आठवड्याभरात आमच्या गावचं केंद्र नीतूच्या आयडीला जोडलं गेलं आणि अल्काच्या खुर्चीवर श्यामलाल येऊन बसला. डमी काढायला निघालेल्यांनी डमी बसवली.

गावाने काय केलं? गाव म्हणालं, "आमाले वाटतच होतं." हेच लोक! मंदाबाई तिला नळावर म्हणाली, "काऊन वो, तुह्या भावालेच येत असन मंग सारं?" भावाला मोबाइलमध्ये नंबर साठवता येत नाही.

अल्का घरात बसून राहिली. मला म्हणाली, "ताई, मलेच वाटून राहिलं का मी पासवर्ड भुलली. डोस्क्यात काही झालं का माह्या?"

हे ऐकून मी उठले. दुसऱ्या एका केंद्राच्या रीताकडे एजन्सीने तसाच छोटा लॅपटॉप दिला होता. तो मागून घेतला, अल्काचा कीबोर्ड घेतला, अल्काला गाडीवर मागे बसवलं आणि कुडव्याला गुलाबचंदच्या दुकानात गेले. मोबाइल, प्रिंटर, लॅपटॉप, सगळं तो उघडून बसतो आणि सगळ्यांवर ओरडतो.

"त्या दिवशी जे केलं, तेच कर," मी अल्काला म्हटलं.

तिने वायर लावली, नम लॉक दाबलं, आकडे टाकले. वायर काढली. गुलाबचंदने पासवर्डच्या चौकटीऐवजी साधं लिहायचं पान उघडून दिलं. "अब डालो, जो डालना है।"

आयडी गेलीच होती, लपवायचं काय? तिचा पासवर्ड होता भिमाई, इंग्रजी अक्षरांत, पुढे एक-दोन-तीन. बी, एच बरोबर उमटले. आय दाबला तर पाच. एम दाबला तर शून्य. ए बरोबर. पुन्हा आय, पुन्हा पाच.

अल्का स्क्रीनकडे पाहतच राहिली.

"अरे दीदी, ये तो रोज का केस है," गुलाबचंद म्हणाला आणि नखाने एका कळीवरचं मराठी स्टिकर उचकटलं. खाली, अक्षराच्या कोपऱ्यात, निळ्या रंगात बारीक पाच होता. मग दुसरं, तिसरं. यू-आय-ओ खाली चार-पाच-सहा, जे-के-एल खाली एक-दोन-तीन, एम खाली शून्य, सात-आठ-नऊ वरचेच. छोट्या मशीनवर जागा नाही म्हणून कंपनीने आकड्यांचा चौकोन अक्षरांच्या पोटात ठेवलेला. नम लॉक चालू असलं की ती अक्षरं आकडे होतात. बाहेरच्या कीबोर्डवरून नम लॉक लावलं तरी लॅपटॉपचंही लागतं, आणि कीबोर्ड काढून घेतला तरी ते लागलेलंच राहतं. एफ एन लिहिलेली कळ धरून नम लॉकची कळ दाबली की बंद. त्याने दाबली. अल्काने पुन्हा टाकला. भिमाई, एक, दोन, तीन.

मला वाटलं ती हसेल. ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावला.

"ताई, एक कळ होती. एक कळ."

दुसऱ्या दिवशी आम्ही गजेंद्रच्या टेबलावर तेच करून दाखवलं. मी आवाज चढवला नाही. अल्काने शपथ घातली होती. त्याने पाहिलं. स्वतः टाकून पाहिलं. त्याच्या नावातले जी, ए, डी बरोबर आले, जेचा एक झाला.

"हां, टेक्निकल इश्यू आहे," तो म्हणाला. "पुढच्या बॅचला परत चाचणी द्या मॅडम. जागा निघाली तर बघू."

"आमच्या गावची जागा?"

"ती तर भर गई ना. दुसरीकडे कुठे निघाली तर. चिचगडकडे वगैरे."

चिचगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जंगलात. अल्काने त्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, माह्या नावापुढे डमी लिवलं हाय. ते काढता का?"

त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली, कर्सर फिरवून दाखवला. "शेरा टाकायचा ऑप्शन आहे. काढायचा नाहीच दिलेला. वरून होतं ते. तुम्ही अर्ज द्या."

अर्ज मी दिला. वर दिला, त्याच्याही वर दिला, माहिती अधिकारातही दिला. उत्तर आलं की अर्ज संबंधित एजन्सीकडे वर्ग करण्यात आला आहे. म्हणजे गजेंद्रकडे.

मग मी ग्रामसभेत लॅपटॉप नेला. म्हटलं, कागद नको, गावाच्या डोळ्यांनी पाहू दे. टेबलावर मांडला, अल्काला बाजूला उभं केलं, सगळ्यांसमोर आय दाबून पाच काढून दाखवला. एम दाबून शून्य. समजावलं, पुन्हा समजावलं. पाठीमागे श्यामलाल हात बांधून उभा होता.

सेवकराम म्हातारा पुढे येऊन वाकून पाहून गेला. "मशीन बिघडली होती म्हणते," त्याने बाकीच्यांना सांगितलं.

"बिघडली नव्हती बाबाजी!" मी ओरडले. "अशीच असते!"

"मंग पास होणाऱ्या बाया कशा पास झाल्या?" मंदाबाईने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणीतरी श्यामलालला विचारलं, "भाऊ, माह्या पोराचा दाखला निघाला का?" आणि अर्धी सभा तिकडे वळली. त्यांना आपापले दाखले हवे होते. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही, पण मी म्हणते.

अल्काने लॅपटॉप हळूच बंद केला. वायर गुंडाळली. "ऱ्हाऊ दे ताई," म्हणाली, "रीताचं मशीन हाय, पडन-बिडन."

आता ती तिरोड्याला राइस मिलमध्ये तांदूळ निवडायला जाते. सकाळच्या टेम्पोत बायांसोबत उभी असते. चिचगडकडे जागा निघाली तेव्हा मी निरोप पाठवला. तिने उलट निरोप दिला: तिथल्या स्क्रीनवरही नावापुढे तेच लिहिलेलं असेल, जाऊन काय करू?

तो शेरा तसाच आहे. मी दर महिन्याला गोंदियाला जाऊन पाहते.