पाच टक्के आणि सासरेबुवांचे सात टक्के

माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे बँकेतून निवृत्त झालेले. हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, ओरछा गेटजवळच्या त्यांच्या घरात पैशाबद्दल बोलायचा हक्क फक्त त्यांना. बहिणीला चष्मा बदलायचा होता. सुईत दोरा ओवायला ती सहा वर्षांच्या लेकीला हाक मारायची, आणि सासरे म्हणायचे, "बघू पुढे."

एप्रिलच्या एका रविवारी मी तिथे चिवडा खायला गेलो होतो. सासऱ्यांचे दोन जुने सहकारी बसले होते. नातीच्या शाळेची वर्षाची फी अठ्ठेचाळीस हजार. तिमाही भरली तर दर वेळी बारा, एकरकमी भरली तर पाच टक्के, म्हणजे चोवीसशेची सूट.

"शाळा देणार पाच, बँक देते सात!" सासरे गरजले. नुकतीच त्यांची एक ठेव मुदत संपून हातात आली होती. "तिमाहीच भरायची. पैसे पुन्हा बँकेत."

चहा देता देता बहीण म्हणाली, "बाबा, सूट घेतलेली बरी. सूट चौदा टक्क्यांच्या घरात पडते."

"सुनो, सुनो! बहूरानी बँक चलाएँगी!" सासरे ओरडले आणि पाहुणे खदखदले. सासरे पुढे म्हणाले, "सिद्ध कर. वाचले तर चोवीसशे तुझे, घे चष्मा."

मी चिवड्याची बशी खाली ठेवली. असा खेळ फुकट कुठे बघायला मिळतो!

"पहिले बारा हजार कसेही आत्ताच जाणार," ती म्हणाली. "एकरकमी म्हणजे पंचेचाळीस हजार सहाशे. आज जास्तीचे जातात तेहेतीस हजार सहाशे. एरवी ते जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत गेलेच असते, म्हणजे बँकेत सरासरी सहा महिनेच राहिले असते. सहा महिन्यांत तेवढ्यावर चोवीसशे म्हणजे सात टक्के. वर्षाला चौदा. तुमचे सात टक्के वर्षभराचे."

सासऱ्यांनी बोटांवर मोजलं, मग मोबाइलवर. एक पाहुणा हळूच म्हणाला, "भाईसाहब, बिटिया सही कह रही है।" सासऱ्यांचा तो चेहरा बघायला मी तिकीटसुद्धा काढलं असतं.

सोमवारी त्यांनी फी एकरकमी भरली आणि सर्वांसमोर चोवीसशे तिच्या हातावर ठेवले. मग गोड आवाजात म्हणाले, "आता घरखर्चाला महिन्याला दोनशे कमी देईन. वर्षात फिटतील. व्याज नाही लावत, घरचीच आहेस."

माझा मेहुणा, म्हणजे तिचा नवरा, पंख्याकडे बघत राहिला.

बहिणीने त्याच संध्याकाळी सदर बाजारात चष्मा केला. पुढच्या महिन्यात सासरे सकाळी पायरीवर बराच वेळ उभे दिसले.

"बहू, आज पेपर नहीं आया?"

"पेपरवाले भैयांना बंद करायला सांगितलं, बाबा. महिन्याचे दोनशेच होत होते."

हल्ली ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे उभ्या उभ्या पेपर वाचतात. गिऱ्हाईक आलं की पान द्यावं लागतं. व्याजदरांचं पान बहुधा आधी जातं. मी मुद्दाम त्याच वेळी चहा प्यायला जातो आणि त्यांच्याकडून नेमकं तेच पान मागून घेतो.