न चाखलेला शिरा

आमच्या घरात मंगळवारी देवीला शिऱ्याचा नैवेद्य असतो. ही पद्धत बायकोनं माहेरून, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडून आणली. मी धाराशिवच्या एसटी डेपोत गाड्यांखाली आडवा पडून आयुष्य काढलं. संध्याकाळी हात रॉकेलनं धुवायचे, मग साबणानं, आणि ताटावर बसायचं. शिरा कसा होतो हे मला तेवढंच ठाऊक होतं, जेवढं तिला गिअरबॉक्समधलं.

मी रिटायर झालो आणि तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, टाके निघाले, भूक काही परत आली नाही. भात दोन घास, वरणाकडं बघायचीसुद्धा नाही. शेजारचे डबे पाठवायचे, ते मीच संपवायचो, आणि तेही उभ्याउभ्या. डॉक्टर म्हणाले, "पथ्य असं काही नाही. जे आवडेल ते द्या, पण पोटात काहीतरी गेलं पाहिजे. अंगात ताकद आली नाही तर परत भरती करावं लागेल." ती भिंतीकडं तोंड करून ऐकत होती. परत दवाखान्याचं नाव काढलं की तिचे डोळे मिटायचे, आणि माझेही. आम्ही दोघंही फार थकलो होतो.

मग मंगळवार आला. तिला ओट्याशी उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, या वेळी साखर ठेवू देवीपुढं. ती पडल्या पडल्याच म्हणाली, "साखर कशाला? तुमाला हात न्हाईत का?"

मला तिथंच युक्ती सुचली. ही बाई अन्नाला नाही म्हणेल, पण प्रसादाला म्हणायची नाही. हातावर ठेवलेला प्रसाद तिनं कधी टाकलेला नाही.

स्वयंपाकघर आणि तिची खाट यांच्यामध्ये एक दार. ती तिकडून सांगायची, मी इकडं ऐकायचो. "वाटीभर रवा, वाटीभराला जरा कमी तूप. आच बारीक. हात थांबवायचा न्हाई. साखर शेवटी." एवढं मी ऐकल्यासारखं केलं. रवा जरा गरम झाला, मला वाटलं भाजला. पाणी नळाचं, गार. आणि साखर शेवटी कशाला, एकदमच टाकू, म्हणून पाण्यातच ढवळून ओतली. काम आटोपलं. चाखून बघायला चमचा उचलला तर आतून आवाज आला, "चाखायचं न्हाई हं. आधी देवीचं."

नैवेद्य चाखत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. इतकी वर्षं ही बाई न चाखता शिरा करत होती आणि एकदाही तो बिघडला नव्हता. मी तर गाडी दुरुस्त केली की एक चक्कर मारल्याशिवाय ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचो नाही.

देवीपुढं वाटी ठेवली, हात जोडले, प्रसाद घेऊन खाटेशी गेलो. तिनं घास तोंडात घेतला. बराच वेळ चावत राहिली. मीही खाल्ला. वाळूच होती ती, गोड वाळू, आणि मधेमधे गुठळ्या.

"रवा कच्चा ऱ्हायला," ती म्हणाली. "आन् साखर आधी पडली की रवा फुगत न्हाई, आकसून बसतो. देवीनं खाल्लं, आता आपन बी खायचं." एवढं बोलून तिनं तो घास गिळला, पण दुसरा घेतला नाही.

बुधवारी सकाळी मी परत कढई ठेवली. तिनं विचारलं, "आज कुठला वार हाय?"

"बुधवार."

"देवीला रोज भूक लागाय लागली व्हय?"

"लागली म्हणायची," मी म्हटलं. "तू सांग फक्त."

त्या दिवशी पाणी दुसऱ्या शेगडीवर उकळत ठेवलं. रवा चांगला भाजला. साखर शेवटी टाकली, आणि टाकल्या टाकल्या घट्ट होत आलेला शिरा पातळ झाला. मी घाबरलो. इंजिनात पाणी शिरल्यासारखंच वाटलं मला. घाईघाईनं डब्यातला मूठभर कच्चा रवा वरून घातला. तिला आवाजावरून कळलं असावं. "काय टाकलं?" मी सांगितलं. ती हसली, पोटावर हात धरून, कारण हसलं की टाक्यांची जागा ओढायची. "साखर पाणी सोडती हो. जरा दम धरायचा, आपोआप आटतं." ती किती दिवसांनी हसली होती. पण घास तेवढा एकच.

गुरुवारी मी खरंच दमलो होतो. रात्रभर तिच्या कण्हण्यानं जाग, सकाळी कपडे, औषधं, आणि वर ही कढई. मनात आलं, नको आता, कुणासाठी करायचं? तरी ठेवली.

आच बारीक. तूप, रवा, उलथणं. आधी रवा ओल्या मातीसारखा जड होता, ढकलावा लागत होता. मग हळूहळू उलथणं हलकं झालं, रवा सुटा होऊन सरकू लागला, कडेला तूप दिसू लागलं. रंग बदामी. वास तर सगळ्या घरात. वास घेतला तर चालतो का, मी विचारलं. "नाकात आपसूक शिरतो, त्याला देवी काय म्हनती?" आतून आलं.

"पाणी किती?"

"अडीच. उकळतं. हात लांब धरा."

चर्र करून वाफ तोंडावर आली. ढवळलं, झाकण ठेवलं. रवा सगळं पाणी पिऊन फुगला. मग साखर, विलायची. परत पातळ झाला. मी दम धरला. ढवळत राहिलो. आणि एका क्षणी सगळ्या शिऱ्यानं कढई सोडली. कडेला चिकटणं थांबलं, बुडाशी तुपाची चकाकी आली, आणि उलथण्याबरोबर तो एका गोळ्यात फिरू लागला. मी गॅस बंद केला. न चाखता मला कळलं होतं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

नैवेद्य दाखवला. तिच्या हातावर प्रसाद ठेवला. तिनं खाल्ला, डोळे मिटून. मग वाटी माझ्याकडं सरकवली.

"जमलं तुमाला," ती म्हणाली. "आता मला घोर न्हाई. भात-पिठलं तर येतंच, आता देवीचं बी आलं. मी नसले तरी उपाशी ऱ्हायचे न्हाईत तुमी."

मी तिला खाऊ घालायला शिरा करत होतो, आणि ती खाटेवरून माझ्या हातात घर देत होती. मला राग आला. तिचा, डॉक्टरांचा, त्या गुळगुळीत, देखण्या शिऱ्याचासुद्धा.

"कुठं जमलं?" मी म्हटलं. "गुठळ्या झाल्यात. नीट बघ."

तिनं वाटी परत ओढली. बोटानं चाचपून बघितलं. गुठळी एकही नव्हती, ते तिलाही दिसत होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग गुठळी शोधायला म्हणून तिनं एक घास घेतला. मग दुसरा. वाटी अर्धी झाली तेव्हा म्हणाली, "व्हय. जरा हायत."

आता ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते. उभं राहणं अजून फारसं जमत नाही, आणि शिरा मीच करतो. अजूनही दर मंगळवारी रवा भाजला की मी विचारतो, "पाणी किती?"

"अडीच," ती कंटाळून म्हणते. "कितीदा सांगायचं तुमाला?"