पहिल्या पानावरचं वाक्य

माझं काम लोकांना सांगताना मी नेहमी एकच सांगते: संस्थेची लेखी परवानगी घेऊन तिच्या कॉम्प्युटरमध्ये चोरासारखं शिरून पाहायचं, आणि कुठून शिरता आलं ते लिहून द्यायचं. शिरण्यापेक्षा लिहिणं अवघड आहे, हे मात्र कोणाला पटत नाही. शंभर पानांचा अहवाल संस्थेचे तंत्रज्ञ वाचतात. संचालक वाचतात ते फक्त पहिलं पान, सारांशाचं. त्यामुळे निर्णय होतात ते त्या पानावर.

कंपनी नागपूरची असली तरी मी बोरगाव मेघेतल्या घरूनच काम करते. मागच्या वर्षी सेलूकडच्या एका दूध संघाचं काम आलं. गावोगावच्या केंद्रांवर दूध येतं, यंत्र त्यातली फॅट मोजतं, आकडा संघाच्या पोर्टलवर चढतो आणि त्यावरून शेतकऱ्याला भाव मिळतो. संघातले सगळे कॉम्प्युटर एकटा माणूस सांभाळायचा. वय चाळिशीच्या आसपास, बोलणं हळू. त्याला सगळे ऑपरेटर म्हणत.

दुसऱ्या दिवशीच मी आत शिरले. पोर्टलवर एक खातं होतं, त्याचा पासवर्ड संघाचं नाव आणि पुढे चालू वर्ष. असे नेहमीचे अंदाज मी सावकाश, एकेक करून लावले. कितीही चुकले तरी खातं बंद होत नव्हतं, मोबाइलवर ओटीपीही येत नव्हता. वर त्या खात्याला सगळे अधिकार. चाचणीसाठी दिलेल्या नकली नोंदीत फॅटचा आकडा बदलून दाखवला, खऱ्या नोंदींना हात लावला नाही, आणि एवढी गंभीर गोष्ट अहवालापर्यंत थांबत नाही म्हणून त्याच दुपारी व्यवस्थापकांना आणि ऑपरेटरला फोनवर कळवलं. ऑपरेटर फक्त "बरं ताई" म्हणाला. मलाही पुढच्या कामाची घाई होती.

मग सारांश लिहायला बसले. सांगायला हरकत नाही, या पानाचा मला गर्व आहे. शिरायला वापरलेल्या सॉफ्टवेअरची नावं नाहीत, धोक्याच्या गुणांकाचे दशांश नाहीत. काय तपासलं, बाहेरचा माणूस काय करू शकला असता, आधी काय दुरुस्त करायचं, एवढंच. 'कोणीही घरबसल्या एखाद्या गावाच्या दुधाची फॅट कमी करू शकला असता,' हे लिहिल्यावर मी स्वतःवरच खूश झाले. त्याच भरात पुढचं वाक्य लिहिलं: 'सिस्टीम सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने मुख्य खात्याला सोपा पासवर्ड ठेवल्यामुळे हे शक्य झाले.'

हा अंदाज होता. एकच माणूस सगळं सांभाळतो, मग पासवर्ड दुसरं कोण ठेवणार? खातं कसं आहे ते मी तपासलं होतं. कोणाच्या सांगण्यावरून तसं आहे ते विचारलंच नव्हतं. आमच्या कामात पुराव्याशिवाय वाक्य लिहीत नाहीत, हे मी नव्या लोकांना शिकवते, आणि मीच शेण खाल्लं. माझ्या वरिष्ठांनी मसुदा तपासला, पण त्यांनी पाहिले ते तांत्रिक पुरावे. हे वाक्य सुटलं.

मसुदा संघाच्या व्यवस्थापकांकडे गेला. तथ्यं तपासायला तो आधी ग्राहकाला द्यायचाच असतो. मंगळवारी त्यांचा फोन आला. खूप समाधानी होते. पहिल्यांदाच काहीतरी समजलं म्हणाले. शुक्रवारी संचालक मंडळाची सभा होती, त्यात अहवाल वाचायचा आणि पुढचा विषय ऑपरेटरला कामावरून कमी करण्याचा, तेवढं कर्मचाऱ्याचं वाक्य जरा ठळक करून द्या, म्हणाले.

फोन ठेवून आधी ऑपरेटरला लावला आणि जे दहा दिवसांपूर्वी विचारायचं ते तेव्हा विचारलं. तो पासवर्ड कोणी ठेवला?

आधी खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ते खातं संचालकांचं हाय ताई. साऱ्याइले मोबाइलवर संकलन पाहाचं होतं. वेगळे पासवर्ड ध्यानात राहत नाईत म्हनून सभेतच ठरलं, एकच ठेवा, सोपा ठेवा, ओटीपी नको. मी लिवून देल्लं होतं, हे बराबर नाई म्हनून. मंडळानं म्हनल्याबिगर मले ते बंद बी करता येत नाई."

त्याने त्या अर्जाचा फोटो पाठवला. खाली अध्यक्षांच्या हातचं, 'तूर्त आहे तसे राहू द्या' आणि सही.

मला व्यवस्थापकांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मसुदा मागे घेतला. वरिष्ठ म्हणाले, आपण न्यायाधीश नाही, पुरावा असेल तेवढंच लिही. व्यवस्थापकांचं म्हणणं, अर्जाचा उल्लेख टाळा, मोठी माणसं दुखावतील. मी त्यांना सांगितलं की अर्ज तुमच्याच फाइलमधला आहे, तो खोटा असेल तर तसं लेखी द्या. त्यांनी दिलं नाही. नव्या पानावर माणसाचा उल्लेखच ठेवला नाही: 'हे सामाईक खाते मंडळाच्या निर्णयाने सुरू झाले. त्यातील धोक्याची लेखी सूचना आधी देण्यात आली होती. ते आजच बंद करून प्रत्येक संचालकाला वेगळे, फक्त पाहण्यापुरते खाते द्यावे, ही शिफारस.'

शुक्रवारी सभेला मी स्वतः गेले. अध्यक्ष सत्तरीचे, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरून वाचायचे. ते पान त्यांनी स्वतः मोठ्याने वाचलं. 'मंडळाच्या निर्णयाने' इथे थांबले, पुन्हा वाचलं. प्रोजेक्टरपाशी उभ्या ऑपरेटरकडे पाहून विचारलं, "तू लिवून देल्लं होतं?"

"हो साहेब."

"अन् सही माही हाय?"

"हो साहेब."

अध्यक्षांनी पुढचा विषय पेनने खोडला आणि ते खातं आत्ताच, सगळ्यांसमोर बंद करायला सांगितलं. ऑपरेटरने ते तिथेच बंद केलं. मला इतकं हलकं वाटलं की समोरचा चहा मी गार झालेला असूनही पिऊन टाकला.

गाडीपर्यंत तो सोडायला आला. आभार मानेल असं मला वाटत होतं. त्याने मानलेही. मग म्हणाला, "पहिला कागद ग्रुपवर फिरला, ताई. पहिलंच पान." व्यवस्थापकांनी मंगळवारीच त्याचा फोटो संचालकांना पाठवला होता आणि तिथून तो गावात पोचला होता. "माह्या पोरीनं वाचून दाखवला मले. आठवीत हाय. तिले सारं समजलं."

नवं पान घरी दाखवायला मिळेल का, असं त्याने विचारलं. मला नाही म्हणावं लागलं. अहवाल कोणाच्या हातात जाईल त्यांची यादी असते, त्या यादीत त्याची मुलगी नव्हती. तोही हे जाणून होता. असू द्या, म्हणाला.

मी म्हटलं, मला तिच्याशी बोलू द्या. त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. मी कोण ते सांगितलं. तुझ्या बाबांबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं, त्यांना न विचारता लिहिलं होतं, असं सरळ सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मंग पहिलेच काऊन नाई विचारलं?"